तिसरी ओळ आणि धुतलेले डबे

शहागंजात सीताफळं आली आहेत. ऑक्टोबरचं ऊन उतरलं की दौलताबाद-खुलताबादच्या डोंगरांतून ती टोपल्या भरभरून शहरात येतात. तळाशी वाळलेलं गवत, वर कडुलिंबाचे डहाळे, आणि मध्ये हिरवी, खवल्याखवल्यांची, एकमेकांना टेकून बसलेली फळं. रिक्षांच्या धुरात आणि अत्तराच्या दुकानांच्या दरवळात त्यांचा वास मिसळतो. काल मी एका टोपलीजवळ उभा राहिलो. विकणाऱ्या बाईने विचारलं, "आज खायाचे का उद्या?" प्रश्न साधाच होता. पण काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका आश्विनात मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं, आणि मी काही न घेता घरी परतलो होतो. तो सगळा ऋतू मग काल दिवसभर माझ्याबरोबर चालत राहिला.

त्या वर्षी श्रावणात माझी पत्नी सुधा गेली. ती शाळेत मराठी शिकवायची, मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या घरात बोलण्याचं काम तिच्याकडे होतं आणि ऐकण्याचं माझ्याकडे, आणि ही वाटणी दोघांनाही मानवली होती. ती गेल्यावर ऐकायला काही उरलं नाही, आणि बोलण्याची मला सवय नव्हती. भेटायला येणाऱ्यांशी मी पावसावर बोलायचो, पुस्तकांवर बोलायचो. तिचं नाव मात्र तोंडातून निघायचं नाही. मुलगी मुग्धा बंगळुरूला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं झालं की दोघंही गप्प. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईबद्दल एक अक्षर बोलत नाही. मला कधी कधी वाटतं, त्या घरात आई नव्हतीच." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती थकून बोलली. त्या वाक्याने मला एवढंच कळलं की मी असाच गप्प राहिलो, तर मुलीने आई तर गमावलीच आहे, पण आईविषयी बोलायचं एकुलतं एक घरही ती गमावेल.

वहीदा आपांकडे मी जायला लागलो तो यानंतर.

आपा सुधाच्या शाळेत उर्दू शिकवायच्या. त्यांचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत आहे, खाली सुताराचं दुकान आणि वर दोन खोल्या. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत होते. पोलीस अॅक्शननंतर कचेरीची भाषा बदलली तेव्हा त्यांनी चाळिशीत बाराखडी गिरवली, आणि पुढे मुलीलाही उर्दूबरोबरच मराठी लिहायला-वाचायला लावली. त्यामुळे आपा दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने रागावतात. त्यांचे पती रशीदभाई पर्यटकांना घेऊन फर्दापूरला, तिथून अजिंठ्याला जायचे. जपानी लोक फार येतात म्हणून ते जपानी शिकले. बसमध्ये काही प्रवासी तांका नावाच्या पाच ओळींच्या छोट्या कविता लिहायचे आणि रशीदभाईंना वाचून दाखवायचे. रशीदभाई त्या अर्थासकट घरी आणायचे, जसं दुसरं कोणी बाजारातून केळी आणतं. आपांना तिथून तांक्याचा नाद लागला. रशीदभाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. रविवारी सकाळी त्यांच्या गच्चीवर चार-पाच जण जमायचे, त्यांत सुधा एक. मी तिला स्कूटरवर सोडायचो आणि खाली सुताराच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. वरून हसण्याचा आवाज यायचा. कविता करताना माणसं एवढी का हसतात, असं मला वाटायचं.

त्या आश्विनातल्या पहिल्या रविवारी मी जिना चढून वर गेलो. आपांनी चटई थोडी पुढे सरकवली, एवढंच. तिथे रामकिसन होते, करमाडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या भावांकडे अजून मेंढरं आहेत. ते यमक जुळवल्याशिवाय लिहायला तयार नसत, आणि आपा यमक दिसलं की खोडायच्या. हा वाद सुधाने मला अनेकदा घरी येऊन साभिनय सांगितला होता. समोर घडताना तो जास्तच मजेचा होता.

आपांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाच ओळी. पाच, सात, पाच, सात, सात अशी अक्षरं. जोडाक्षर एकच मोजायचं. जपानीतली मोजणी वेगळी, त्यांच्या मात्रा आपल्या अक्षरांहून हलक्या. आपण सोयीसाठी अक्षरं घेतो, म्हणून आकडा पुरा करायला भरतीचा शब्द घालायचा नाही, कमी पडलं तर पडू द्यायचं. वरच्या दोन ओळींत डोळ्यांना दिसणारं काहीतरी. खालच्या दोन ओळींत आतलं. आणि मधली, तिसरी ओळ, दोन्हींची.

"दोन्हींची म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी गच्चीच्या दाराकडे बोट केलं. "बिजागरी बघा. तिचं एक पान चौकटीत, एक पान दारात. नुसती चौकटीत ठोकली तर दार पडेल. नुसती दारात ठोकली तर दार हातात येईल."

मग आपा उर्दू शेराबद्दल बोलल्या. शेरात पहिली ओळ दावा करते आणि दुसरी वार करते, ऐकणारा त्या वाराची वाट बघत असतो. तांक्यात वार नसतो. झोपेत माणूस कूस बदलतो तसं काहीतरी मध्येच होतं. डोळे उघडत नाहीत, पण तोंड दुसरीकडे झालेलं असतं. हे त्यांचं वाक्य मला इतकं आवडलं की मी घरी जाताना ते पुटपुटत गेलो. आवडणं आणि जमणं यांत किती अंतर असतं, हे पुढच्या रविवारी कळलं. मी लिहून नेलं होतं:

तू गेल्यावर
घर रिकामे झाले
मन उदास
जणू सुकले झाड
एकटे माळावर

अक्षरं बरोबर होती. ग्रंथपालाची मोजणी चुकत नाही. आपांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कोणाचं घर? मी म्हटलं, माझं. त्या म्हणाल्या, असेल, पण यात ते दिसत नाही. हे कुठल्याही विधुराचं घर आहे. वरच्या दोन ओळींत बघायला काही ठेवलंच नाही, सगळं आधीच सांगून टाकलं. तिसरी ओळ तर दाराला कुलूपच लावते, 'मन उदास' म्हटल्यावर वाचणाऱ्याने पुढे जायचं कशाला? आणि 'जणू' काढा. जिथे 'जणू' लागतो तिथे दोन गोष्टी शेजारी नीट बसलेल्या नसतात, म्हणून दोरी बांधावी लागते.

मी पुढचा आठवडा बाहेर बघत काढला. बघण्याची मला सवय नव्हती, सुधा बघायची आणि मला सांगायची. बाजारातल्या टोपल्या पाहिल्या. मकबऱ्यामागच्या टेकड्यांवरचं गवत वाळून तांबूस झालेलं पाहिलं. संध्याकाळी डोंगरांवरून येणाऱ्या वाऱ्यात थंडीची पहिली कणी असते, ती गालाला लागली. आणि लिहिलं:

टोपलीमध्ये
पिकली सीताफळे
गवतावर
माझ्या डोळ्यांत पाणी
आठवण येताना

या वेळी आपांनी कागद पुढे ओढला. त्यांची एक पद्धत होती, तीच त्यांनी वापरली. कागदावर तळहात ठेवून खालच्या दोन ओळी झाकल्या आणि वरच्या तीन मोठ्याने वाचल्या. टोपलीमध्ये पिकली सीताफळे गवतावर. ठीक. मग वरच्या दोन झाकल्या आणि तिसरीपासून वाचायला रामकिसनना सांगितलं. रामकिसननी चष्मा लावला.

"गवतावर माझ्या डोळ्यांत पाणी," त्यांनी वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, गवतावर लोळून रडत व्हता व्हय? कुसळं गेली असतील डोळ्यात."

आपा तोंडावर पदर घेऊन हसल्या. मीही हसलो. सुधा गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मोठ्याने. खाली बाकावर कोणी पेपर वाचत बसलं असेल तर त्याला ते ऐकू गेलं असेल.

हसण्यातूनच मला तो धडा कळला. वर-खाली दोन्ही बाजूंनी तिसऱ्या ओळीला जोडून वाचायचं, आणि दोन्ही वेळा ती आपली वाटली पाहिजे. शब्दाला दोन अर्थ असावेत असं नाही. तसली गंमत जुन्या जपानी कवींना यायची, आपल्याला ती नको, असं आपा म्हणायच्या. शब्द तोच, अर्थ तोच, फक्त तो दोन गोष्टींना सारखाच लागू पडायचा. माझं 'गवतावर' फक्त सीताफळांचं होतं. खालचं पाणी वरून ओतलेलं होतं.

दरम्यान दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे वर्षभर सण नसतो, कढई चढत नाही. म्हणून शेजारपाजारचे फराळ पाठवतात. समोरच्या देशमुख काकूंचा चिवडा आला, वरच्या मजल्यावरून शंकरपाळे आले, रामकिसन करमाडकडून येताना वहिनींनी केलेल्या करंज्या फडक्यात बांधून घेऊन आले. आपांकडून बुंदीचे लाडू आले, सुधाला आवडायचे म्हणून. तसं पाहिलं तर श्रावणापासूनच मी दुसऱ्यांच्या डब्यांवर जगत होतो. कोणाची भाजी, कोणाची भाकरी, कोणाचं वरण. डबा रिकामा झाला की मी तो घासायचो, पुसायचो, आणि ओट्यावर ठेवायचो. परत मात्र द्यायचो नाही. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. सुधा साखरेवर कधी भागवायची नाही. काही ना काही करून भरायची, आणि त्याच्यावर कोणाचा डबा ते लक्षात राहावं म्हणून दोरा बांधायची. मला काही करता येत नव्हतं, आणि ज्या डब्यांतून आधी सुधाच्या हातचं गेलं होतं त्यांत नुसती साखर देणं मला फार उणं वाटत होतं. म्हणून डबे साठत गेले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी देशमुख काकू दारात आल्या. बराच वेळ हवेबद्दल बोलल्या. मग पायातली चप्पल सरळ करत म्हणाल्या, "सर, आमचा चपट्या झाकणाचा डबा तुमच्याकडं आहे का हो? घाई नाही. पाहुणे आलेत, अन् घरातले सगळे डबे तुमच्याकडंच दिसतात."

मी आत गेलो. ओट्यावर डबे ओळीने उपडे ठेवलेले होते, स्टीलचे, पितळी कडीचे, एक प्लास्टिकचा निळा. खिडकीतून ऊन त्यांच्या बुडांवर पडलं होतं. चपट्या झाकणाचा डबा उचलला आणि हातात धरून उभा राहिलो. यात काय भरावं? तेवढ्यात लक्षात आलं की 'काय भरावे' हे पाच अक्षरांचं आहे.

काकूंना मी डबा रिकामाच दिला. त्या तो घेऊन गेल्या. दार लावलं आणि तिथेच ओट्याशी उभ्याउभ्या लिहिलं:

धुतले डबे
ओट्यावर ओळीने
काय भरावे
तू सोडून गेलेल्या
लांब संध्याकाळींत

मी स्वतःच तळहात ठेवून पाहिलं. ओट्यावर डबे, काय भरावे. बरोबर. काय भरावे, तू सोडून गेलेल्या लांब संध्याकाळींत. तेही बरोबर. बिजागरी फिरत होती. दार उघडत होतं. आयुष्यभर पुस्तकं दुसऱ्यांच्या हातांत देणाऱ्या माणसाला पाच ओळी जमल्या याचा आनंद मी लपवणार नाही.

रविवारी आपांनी तळहाताची परीक्षा घेतली, मान हलवली, रामकिसन "वा, सर" म्हणाले आणि यमक नसल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आपा मात्र कागद हातात धरून बसल्या.

"बांधणी पक्की आहे, भाईसाहब. पण हे खरं आहे का?"

मी विचारलं, म्हणजे काय. त्यांनी सावकाश मोजल्यासारखं विचारलं, तुमच्या संध्याकाळी कोण येतं? सोमवारी हे रामकिसन येतात. देशमुख काकू वाटीभर काहीतरी घेऊन येतात. मुग्धाचा फोन रोज. मी दर बुधवारी येते आणि तुमचा तो फिका चहा पिते. मग ही लांब रिकामी संध्याकाळ कोणाची? ही कुठून आणली?

"दुःखाच्या कवितेत ती असते," मी म्हणालो.

"असते. दुसऱ्यांच्या," त्या म्हणाल्या. "वरचं तुम्ही ओट्यावर पाहिलंत. खालचं पुस्तकात पाहिलंत. तिसरी ओळ हलवू नका, ती तुमची आहे. तिच्या खाली तुमचं काय आहे ते बघा."

मला थोडं लागलं. घरी येताना मी रस्ताभर मनातल्या मनात भांडत होतो. माझं दुःख त्यांना काय माहीत, असंही वाटून गेलं, आणि रशीदभाई आठवून लगेच ओशाळलो. घरी आल्यावर ओट्यासमोर खुर्ची ओढून बसलो. एकेक डबा हातात घेतला. हा कोणाचा, यातून काय आलं होतं, कोणत्या दिवशी. हे मेथीचं वरण, त्या दिवशी मला ताप होता. या निळ्या डब्यातून शेवयांची खीर, तेव्हा मी सकाळपासून उठलोच नव्हतो आणि दार वाजलं म्हणून उठलो. सुधा गेल्याला एवढे दिवस झाले, आणि एकही दिवस मी उपाशी राहिलेलो नव्हतो. हे मी पाहिलंच नव्हतं. घासत होतो, पुसत होतो, आणि पाहत नव्हतो. ज्या घराला मी रिकामं म्हणत होतो त्यात डबे ठेवायला जागा उरली नव्हती.

मी खालच्या दोन ओळी खोडल्या आणि लिहिलं, 'रिते काहीच नाही, तुझ्या माघारीसुद्धा'. मग बराच वेळ त्या 'काहीच'कडे पाहत राहिलो. तेही खरं नव्हतं. पलंगाची एक बाजू होती. स्कूटरचं मागचं सीट होतं. आधी मी दुःख जास्त लिहिलं होतं, आता कृतज्ञता जास्त लिहीत होतो. दोन्हीत तीच लबाडी. 'काहीच' तीन अक्षरांचा. त्याच्या जागी बसेल असा तीन अक्षरांचा दुसरा, थोडा संकोची शब्द मी शोधत होतो, आणि तो मिळाला तेव्हा कुकरची शिट्टी व्हावी तसा आतला काहीतरी दाब सुटला.

धुतले डबे
ओट्यावर ओळीने
काय भरावे
रिते फारसे नाही
तुझ्या माघारीसुद्धा

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला मुग्धाचा फोन आला. जेवलात का. हो. गोळी घेतली का. हो. मग दोघं गप्प झालो. मी म्हटलं, "तुला एक वाचून दाखवतो." आणि वाचलं. तिसऱ्या ओळीनंतर थोडं थांबलो, आपा थांबतात तसं.

मग तिने विचारलं, परत वाचता का. मी परत वाचलं.

"'तुझ्या' म्हणजे आईच्या ना, बाबा?"

"हो. सुधाच्या."

हे नाव मी त्या घरात कितीतरी दिवसांनी उच्चारलं होतं. ओट्यावरच्या स्टीलला ऐकू गेलं असावं इतकं ते स्पष्ट निघालं. मुग्धा रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. ती नाक ओढत म्हणाली, "मग भरणार काय आहात डब्यांत?"

"ठरलं नाही अजून. मला करता कुठे काय येतं?"

"आई या दिवसांत काय भरायची?"

मला आठवेना, असं मी म्हणणार होतो. पण आठवत होतं. सगळंच आठवत होतं. आश्विन-कार्तिकात ती सीताफळं भरायची. एका डब्यात एक आज खायचं आणि एक उद्याचं, म्हणजे दोन दिवस पुरतं. ती टोपलीतलं फळ दाबून बघायची नाही, दोन्ही तळव्यांत नुसतं धरायची. पिकत आलेलं फळ तळव्याला आपणहून सांगतं, असं म्हणायची. शहागंजातल्या बायकांना हे पसंत होतं, कारण बाकीची गिऱ्हाइकं दाबून दाबून फळ खराब करतात. खवल्यांच्या मधल्या रेषा पांढुरक्या झाल्या की उद्याचं. रेषा रुंदावल्या की आजचं. एकदा तिने उद्याचं समजून आणलेलं सीताफळ स्कूटरच्या डिकीतच पिकलं आणि फुटलं, आणि महिनाभर आमच्या कागदपत्रांना त्याचा वास येत होता. हे सांगताना मी हसलो, आणि मुग्धाने विचारलं, हे कधी झालं, मी कुठे होते तेव्हा. तू हॉस्टेलला होतीस, मी म्हटलं. मग तिने दुसरं काही विचारलं, त्यावरून मला तिसरं आठवलं.

बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायला मी उठलो तेव्हा फोन कानालाच होता, आणि मी सुधाबद्दल बोलत होतो.